व्याज आधीच कापून दिलेलं कर्ज वर्षाला नेमकं कितीला पडतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये छोट्या दुकानदारांचे आणि बागायतदारांचे हिशेब लिहिताना एक प्रश्न माझ्यासमोर सारखा येतो. कागदावर एक रक्कम असते, हातात दुसरीच पडते आणि दर विचारला की तिसराच आकडा ऐकू येतो. खालची उत्तरं या एकाच प्रकाराबद्दल आहेत: सावकार किंवा फायनान्सवाला पूर्ण मुदतीचं व्याज पहिल्याच दिवशी कापून घेतो आणि उरलेले पैसे देतो.

लाखाची चिठ्ठी केली, दर शेकडा तीन ठरला, पाच महिन्यांचे पंधरा हजार कापून पंच्याऐंशी हजार दिले. म्हणजे दर वर्षाला छत्तीस टक्केच झाला ना?

नाही. छत्तीस हा बोलण्यातला दर आहे, पडणारा दर त्याहून बराच जास्त आहे.

दिंडोरीकडचा एखादा द्राक्ष बागायतदार डोळ्यांसमोर आणा. ऑक्टोबर छाटणी झाली की औषधं, डीपिंग, विरळणीची मजुरी असा खर्च सुरू होतो आणि पैसा येतो थेट फेब्रुवारी-मार्चमध्ये माल तुटल्यावर. म्हणून तो पाच महिन्यांसाठी लाख रुपये घेतो. ‘शेकडा तीन’ म्हणजे शंभराला महिना तीन रुपये. लाखाला महिन्याचे तीन हजार आणि पाच महिन्यांचे पंधरा हजार. ते तिथंच कापले गेले.

आता हिशेब कुठं चुकतो ते बघा. पंधरा हजार रुपये लाखावर मोजले, पण लाख रुपये या माणसाने एक दिवसही वापरले नाहीत. त्याच्या बागेत गेले पंच्याऐंशी हजार. उरलेले पंधरा हजार सावकाराच्या खिशातून निघालेच नव्हते, तरी त्यांच्यावरही पाच महिन्यांचं व्याज लागलं. म्हणून भागायचं ते पंच्याऐंशी हजारांनी:

```
15,000 / 85,000 = 0.1765
```

पाच महिन्यांना साडेसतरा टक्क्यांहून थोडं जास्त. वर्षाचा दर काढायला 12 ने गुणून 5 ने भागा, म्हणजे 42.35 टक्के येतात. हा झाला सरळव्याजाचा वार्षिक दर. बोलणं छत्तीसचं झालं होतं, पडले बेचाळीस.

काही जण याच कर्जाचा दर 47.7 टक्के सांगतात. मग खरं काय?

दोन्ही खरं आहे, फक्त मोजायची रीत वेगळी आहे. 42.35 टक्क्यांत असं धरलंय की पाच महिन्यांचं साडेसतरा टक्के व्याज वर्षात 2.4 वेळा लागतं, पण व्याजावर व्याज लागत नाही. 47.7 टक्क्यांत ते लागतं असं धरलंय. सावकाराला मार्चमध्ये लाख मिळाले की तो ते सगळेच्या सगळे पुन्हा फिरवतो, पंच्याऐंशी हजारच फिरवत नाही. त्याच्या बाजूने पाहिलं तर चक्रवाढीचा आकडा जास्त खरा. गणित असं:

```
(100000/85000)^(12/5) - 1 = 0.477
```

मी स्वतः दोन्ही आकडे काढतो. पण दोन कर्जांची तुलना करताना एकाचा सरळ आणि दुसऱ्याचा चक्रवाढ दर शेजारी ठेवू नका. तुलनेत सर्वांत जास्त घोळ इथंच होतो. सरळला सरळ लावा, चक्रवाढीला चक्रवाढ.

व्याज शेवटी दिलं असतं तर एवढा फरक पडला असता का?

दर तोच शेकडा तीन, मुदत तीच पाच महिने, पण लाख पूर्ण हातात आले आणि मार्चमध्ये एक लाख पंधरा हजार दिले, तर सरळव्याजाने वर्षाचे 36 टक्के आणि चक्रवाढीने 39.9 टक्के पडतात. म्हणजे नुसत्या कापून घेण्याने चक्रवाढ दर 39.9 वरून 47.7 वर गेला.

मधली वाटही असते. दर महिन्याच्या शेवटी तीन हजार द्यायचे आणि पाचव्या महिन्याला त्यासोबत मुद्दल फेडायचं. त्याचा चक्रवाढ दर 42.6 टक्के होतो. सावकार तेही ऐकत नसेल, तर निदान एकेका महिन्याचंच व्याज आगाऊ घ्या म्हणावं. मग सुरुवातीला हातात सत्त्याण्णव हजार पडतात आणि दर 44.1 टक्क्यांवर येतो. दरावर घासाघीस करायला लोक कचरतात, पण व्याज कधी द्यायचं यावर बोलायला फारसं कुणी कचरत नाही. तिथं जागा असते हा माझा अनुभव आहे.

मला खरोखरच लाख रुपये हवेत. मग चिठ्ठी किती रकमेची होईल?

अनेक जण म्हणतात, ‘पंधरा हजार कापतोय ना, मग एक लाख पंधरा हजाराची करू.’ केली तर कापले जातील 17,250 आणि हातात येतील 97,750. लाख काही पुरे होत नाहीत.

हवी ती रक्कम उरणाऱ्या हिश्शाने भागायची. पंधरा टक्के कापले जाणार म्हणजे शंभरातले पंच्याऐंशी उरणार, म्हणून 1,00,000 भागिले 0.85, उत्तर 1,17,647. लाख वापरायला मिळावेत म्हणून एक लाख साडेसतरा हजारांचा कागद सही करावा लागतो. हा आकडा ऐकल्यावर समोरचा माणूस पहिल्यांदा गप्प होतो, कारण तोपर्यंत ‘पंधरा टक्के’ हा शब्द त्याला पंधराच वाटत असतो.

मुदत वाढली की काय होतं?

इथं फार लोक फसतात. कापण्याच्या पद्धतीत मुदत जेवढी लांब, तेवढी हातातली रक्कम आटते आणि उरलेल्यावर दर चढत जातो. शेकडा तीननेच पूर्ण वर्षाचं व्याज कापलं तर छत्तीस हजार जातात, हातात चौसष्ट हजार येतात. 36 भागिले 64, म्हणजे 56.25 टक्के. शेकडा पाच असेल तर वर्षाला साठ हजार कापले जाऊन चाळीस हजार हातात येतात आणि दर होतो दीडशे टक्के. वीस महिन्यांची मुदत घेतली तर शेकडा पाचने शंभरच्या शंभर टक्के कापले जातील, हातात काहीच येणार नाही आणि लाख मात्र फेडायचे राहतील. असा व्यवहार कुणी करणार नाही, पण आगाऊ कपातीचा दर आणि व्याजाचा दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे यावरून डोक्यात पक्कं बसतं.

हुंडी वटवतानाही बँक पैसे कापूनच देते. मग तीही लबाडीच का?

नाही, कापणं हीच लबाडी नव्हे. वटाव ही व्यापारातली जुनी रीत आहे. बिल तीन महिन्यांनी वसूल होणार असेल तर आज कमी रक्कम मिळणं रास्तच आहे. केंद्र सरकारसुद्धा 91 दिवसांच्या ट्रेझरी बिलांवर वेगळं व्याज देत नाही. ती शंभरहून कमी किमतीला विकली जातात आणि मुदतीला पूर्ण शंभर रुपये परत दिले जातात. पण तिथं परतावा मोजताना फरकाची रक्कम शंभराने नाही, गुंतवणूकदाराने प्रत्यक्ष मोजलेल्या किमतीने भागतात. लिलाव झाला की तो परतावा सर्वांसमोर जाहीर होतो. आपली मागणीही एवढीच: कापा हवं तर, पण दर सांगताना तो दिलेल्या रकमेवर सांगा.

डेलीचं काय? दहा हजाराच्या चिठ्ठीला नऊ हजार देतात आणि रोज शंभर रुपये, शंभर दिवस. हे तर फक्त दहा टक्के वाटतात.

पंचवटीतल्या भाजीविक्रेत्यापासून सातपूरच्या टपरीवाल्यापर्यंत डेली सगळीकडे आहे आणि दहा टक्के हा शब्द तिथं हमखास ऐकू येतो. यात मात्र दोन गोष्टी एकाच वेळी लपतात. पहिली आपण वर पाहिली, पैसे आधीच कापले. दुसरी अशी की तुम्ही पहिल्या दिवसापासून परत करायला लागता. पन्नासाव्या दिवशी पाच हजार परत गेलेले असतात, तरी व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर शंभर दिवसांचं मोजलेलं असतं.

कागद-पेन्सिलीने अंदाज काढायचा तर असा काढा. सुरुवातीला तुमच्याकडे सावकाराचे नऊ हजार आहेत, शेवटी शून्य. म्हणजे सरासरी साडेचार हजारच तुम्ही वापरलेत. साडेचार हजारांवर शंभर दिवसांत एक हजार व्याज म्हणजे 22.2 टक्के. वर्षात असे शंभर दिवस 3.65 वेळा येतात, म्हणून 22.2 गुणिले 3.65, साधारण 81 टक्के. हा ढोबळ आकडा खऱ्यापेक्षा किंचित जास्त येतो. नेमका हवा असेल तर मोबाइलवरच्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये हे लिहा:

```
=RATE(100,-100,9000)*365
```

उत्तर 0.776 येतं, म्हणजे सरळव्याजाने वर्षाला 77.6 टक्के. रोज 0.2126 टक्के. हाच रोजचा दर चक्रवाढीने वर्षभर धरला तर 117 टक्के होतो.

एक बारीक गोष्ट आणखी. काही ठिकाणी पैसे देतानाच पहिले शंभर रुपये घेतात. मग हातात 8,900 आले आणि हप्ते नव्व्याण्णव उरले, असं धरून सूत्र बदला. उलट रविवारी वसुली नसेल तर शंभर हप्त्यांना शंभरहून जास्त दिवस लागतात आणि दर थोडा उतरतो.

मार्चऐवजी फेब्रुवारीतच माल गेला आणि मी महिनाभर आधी फेडलं, तर फायदा ना?

पैसे आधी कापले असतील तर उलट तोटा. पंधरा हजार पाच महिन्यांचे देऊन झालेत आणि वापर मात्र चारच महिने झाला. चक्रवाढीने हा दर 47.7 वरून थेट 62.8 टक्क्यांवर जातो. फेडताना ‘उरलेल्या महिन्याचे तीन हजार सोडा’ म्हणा आणि सत्त्याण्णव हजार देऊन चिठ्ठी परत घ्या. तसं झालं तर दर 48.6 टक्के पडतो, म्हणजे साधारण मूळच्याच जागी राहतो. हे बोलणं फेडायच्या दिवशी नको, घ्यायच्या दिवशी करावं, कारण फेडायच्या दिवशी तुमच्या हातात काही उरलेलं नसतं. सूट मिळणारच नसेल, तर ते लाख महिनाभर बँकेत ठेवून मुदतीलाच द्या.

माल बिघडला, मार्चमध्ये देता आलं नाही. सावकार म्हणतो नवं-जुनं करू. करावं का?

त्या दिवशी तुम्ही पुढच्या पाच महिन्यांचे पंधरा हजार रोख देऊ शकलात तर दर तोच राहतो. पण ज्याच्याकडे लाख नाहीत त्याच्याकडे बहुधा पंधरा हजारही नसतात. मग नवी चिठ्ठी होते ती 1,17,647 ची. त्यातून 17,647 कापले जातात आणि उरलेल्या लाखात जुनी चिठ्ठी फिटल्याचं दाखवलं जातं. नवा पैसा एकही हातात येत नाही. आणखी पाच महिन्यांनी पुन्हा नवं-जुनं झालं तर कागद 1,38,408 चा होतो. पहिल्या चिठ्ठीपासून पंधरा महिने संपतील तेव्हा एवढे द्यायचे आणि सबंध काळात मिळाले होते पंच्याऐंशी हजार.

यात तोंडी दर कुठंच बदलत नाही. सावकार शेवटपर्यंत शेकडा तीनच म्हणत राहतो आणि ते खोटंही नसतं. म्हणून नवं-जुनं करताना दर विचारून उपयोग नाही. विचारायचं ते एवढंच: आजवर मला एकूण किती दिलेत आणि आज सोडून पुढं एकूण किती मागताय?

बँक खात्यात तर पूर्ण लाख जमा झाले. मग माझं व्याज आधी कापलं असं म्हणता येईल का?

त्याच दिवशी पंधरा हजार रोख परत मागितले असतील तर हिशेबाच्या दृष्टीने ते कापलेच. एका दिवशी आलेली आणि गेलेली रक्कम एकमेकांतून वजा करायची. प्रोसेसिंग फी, दस्ताचा खर्च, सक्तीचा विमा यांनाही हाच नियम लावा. पतसंस्थेने शेअरपोटी काही कापलं आणि ते शेवटी परत मिळणार असेल, तर सुरुवातीला वजा करा आणि शेवटच्या हप्त्यातूनही वजा करा. तेवढ्या काळात ती रक्कम तुमच्या हातात नव्हती एवढाच त्याचा खर्च आहे.

रोखीने पंधरा हजार देताना पुरावा राहत नाही, ही खरी अडचण. बँकेचा उतारा तुमच्याविरुद्धच बोलतो. शक्य असेल तर परतीचे पैसेही खात्यातूनच द्या.

बँका आणि एनबीएफसी असं करू शकतात का?

रिझर्व्ह बँकेने 15 एप्रिल 2024 ला काढलेल्या परिपत्रकानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ आणि सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांच्या नव्या मुदत कर्जांना मुख्य तथ्य विवरणपत्र देणं बंधनकारक आहे. त्यात वार्षिक टक्केवारी दर असतो. तो हातात पडलेल्या निव्वळ रकमेवर काढायचा असतो, मंजूर रकमेवर नाही. सही करण्याआधी तो आकडा शोधा. जाहिरातीतल्या दराच्या तो बराच वर असेल, तर मधला फरक कपातींचा आहे.

त्याच महिन्यात, 29 एप्रिल 2024 ला, रिझर्व्ह बँकेने दुसरं परिपत्रक काढलं. काही संस्था एक-दोन हप्ते आगाऊ घेतात आणि तरी व्याज पूर्ण कर्जरकमेवर लावतात, असं तपासणीत दिसल्याचं त्यात नोंदवलं आहे आणि जास्तीचं व्याज ग्राहकाला परत करायला सांगितलं आहे. तुमच्या कर्जात पहिला हप्ता वितरणातूनच वळता झाला असेल, तर शाखेला लेखी विचारा की व्याज कोणत्या रकमेवर आणि कोणत्या तारखेपासून मोजलं.

सावकाराच्या बाबतीत कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 प्रमाणे सावकारीला परवाना लागतो. त्या वर्षी ठरलेले कमाल दर असे: शेतकऱ्याला तारणी कर्ज 9 टक्के आणि विनातारण 12 टक्के, इतरांना तारणी 15 आणि विनातारण 18 टक्के, सगळे वर्षाचे. शेकडा तीन म्हणजे बोलण्यातलेच छत्तीस, तेव्हा कपात बाजूला ठेवली तरी तो दर शेतकऱ्याच्या विनातारण कर्जाला ठरलेल्या कमाल दराच्या तिप्पट होतो.

आपल्या विषयाला लागू पडणारी गोष्ट या अधिनियमातल्या व्याख्येत आहे. मुद्दल म्हणजे ऋणकोला प्रत्यक्ष दिलेली रक्कम. त्या हिशेबाने आपल्या बागायतदाराचं मुद्दल पंच्याऐंशी हजार आहे, लाख नाही. विनातारण 12 टक्क्यांनी पाच महिन्यांचं व्याज होतं 4,250 रुपये आणि त्याच्याकडून घेतले पंधरा हजार. बिनपरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

तक्रार सहकार खात्याकडे करायची असते: तालुक्याला सहायक निबंधक, जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था. अर्जात ‘जास्त व्याज घेतात’ एवढंच लिहू नका. कोणत्या तारखेला हातात किती आले, चिठ्ठी किती रकमेची होती, कोणत्या तारखेला किती दिले, अशी तीन रकान्यांची यादी जोडा. साक्षीदार असेल तर त्याचं नाव, मोबाइलवरचे संदेश असतील तर त्यांच्या छापील प्रती आणि खात्याचा उतारा लावा. कोऱ्या चिठ्ठीवर किंवा कोऱ्या धनादेशावर सही घेतली असेल तर धनादेशाचा क्रमांक लिहा. क्रमांक आठवत नसेल तर धनादेश पुस्तकात मागे उरलेल्या तुकड्यांवरून कोणता गायब आहे ते कळतं.